राणी घेण्याआधी कव्हर ठरवा: स्ट्रायकर, बेसलाइन आणि घरच्या खेळातले फाउल

घरच्या कॅरममध्ये एक प्रसंग हमखास येतो. कुणीतरी लांबून नेम धरून राणी पॉकेटात घालतो आणि सगळे ओरडतात. मग तोच खेळाडू पटावर नजर फिरवतो, तर कव्हरसाठी, म्हणजे राणीपाठोपाठ लगेच घालायला, स्वतःची धड एकही सोंगटी नसते. एक बेसलाइनच्या मागे अडकलेली, दुसरी फ्रेमला चिकटलेली. काहीतरी मारून बघतो, ते जात नाही आणि राणी परत मधल्या वर्तुळात येऊन बसते. नेम चांगला असूनही हात, म्हणजे पाळी, गेली, कारण राणी घेताना पुढच्या फटक्याचा विचार झालाच नव्हता.

या लेखात मी राणी आणि कव्हर हे दोन फटके एकत्र कसे बघायचे तेवढंच सांगणार आहे. त्यासाठी स्ट्रायकर कसा ठेवायचा, टिचकी कशी मारायची आणि सोंगटीला लागल्यावर स्ट्रायकर कुठे जातो हे आधी पक्कं हवं, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

स्ट्रायकर ठेवणं आणि टिचकी

बेसलाइन म्हणजे एक रेघ नाही, दोन रेघा आहेत: तुमच्या बाजूची जाड आणि पुढची बारीक. स्ट्रायकरचा स्पर्श दोन्ही रेघांना झाला पाहिजे. त्या अटीत स्ट्रायकर किंचित पुढे-मागे करायला मोकळीक मिळते, पण एक रेघ सुटली की तो फटका चुकीचा. टोकांना असलेल्या लाल गोलांबद्दल घरोघरी वाद होतो. नियम सोपा आहे: स्ट्रायकर एकतर पूर्ण गोल झाकेल असा ठेवा, नाहीतर गोलाला अजिबात शिवू देऊ नका. अर्धा गोलावर, अर्धा बाहेर चालत नाही. गोल 3.18 सेंटिमीटर व्यासाचा असतो आणि स्ट्रायकर जास्तीत जास्त 4.13 सेंटिमीटर, म्हणजे तो नीट ठेवला तर गोल पूर्ण झाकला जातो.

टिचकी मारताना हाताची दोन-तीन बोटं पटावर टेकलेली असू द्या. हात अधांतरी असला की प्रत्येक वेळी बोट वेगळ्या उंचीवर येतं. तर्जनीचं नख स्ट्रायकरच्या अगदी जवळ, जवळजवळ चिकटून ठेवायचं. लहान मुलं बोट लांबून आणून फाडकन मारतात. त्यात बोटही दुखतं आणि स्ट्रायकरच्या मध्याऐवजी कडेवर फटका बसतो. बोट अंगठ्याच्या किंवा मधल्या बोटाच्या आधाराने ताणून सोडायचं आणि ते पूर्ण सरळ होऊ द्यायचं. सोडल्यावर बोट स्ट्रायकरबरोबर पुढे सरकत राहिलं तर तो फटका नसून ढकलणं झालं, आणि ढकलणं हा फाउल आहे. आवाजावरून हे ओळखता येतं. टिचकीला एकच 'टक' येतो. ढकललेला स्ट्रायकर जवळजवळ मुका निघतो.

आपली टिचकी सरळ लागते की नाही हे तपासायला सोंगट्या लागत नाहीत. रिकाम्या पटावर स्ट्रायकर बेसलाइनच्या मध्यावर ठेवा आणि समोरच्या फ्रेमवर बरोबर काटकोनात मारा, जेमतेम परत येईल एवढ्याच जोरात. तो निघाला तिथेच एक स्ट्रायकरच्या रुंदीच्या आत परत आला तर बोट मध्यावर लागतंय. दहापैकी सात-आठ वेळा तो एकाच बाजूला सरकून येत असेल, तर डोळ्याचा नेम बदलू नका, बोट किंचित दुसऱ्या बाजूला सरकवा. उजव्या हाताने खेळणाऱ्यांचा दोष बहुतेक वेळा एकाच दिशेचा असतो आणि एकदा कळला की तासाभरात सुधारतो. पावडर थोडीच आणि एकसारखी पसरलेली हवी. ढीग राहिला तर मंद फटका तिथेच वळतो.

सोंगटीला लागल्यावर स्ट्रायकर कुठे जातो

नियमाप्रमाणे स्ट्रायकरचं वजन जास्तीत जास्त 15 ग्रॅम असतं आणि सोंगटीचं 5 ते 5.5 ग्रॅम. म्हणजे स्ट्रायकर जवळजवळ तिप्पट जड. या एका गोष्टीतून कॅरममधलं पुष्कळ काही समजतं.

सोंगटीला स्ट्रायकर समोरासमोर, पूर्ण लागला तर सोंगटी त्याच्यापेक्षा जास्त वेगाने सुटते, पण स्ट्रायकर थांबत नाही. तो साधारण निम्म्या वेगाने त्याच दिशेने तिच्या मागे जात राहतो. म्हणून पॉकेट, सोंगटी आणि स्ट्रायकर एका रेषेत असले की फटका सर्वात सोपा वाटतो आणि स्ट्रायकर जाण्याचा धोकाही तिथेच सर्वात मोठा असतो. पॉकेटचा व्यास सुमारे 4.45 सेंटिमीटर असतो, त्यामुळे 4.13 चा स्ट्रायकर त्यात आरामात मावतो.

फटका बाजूने, म्हणजे कट लागला तर स्ट्रायकर थोडा वळतो. किती? वजनं अशी असताना तो आपल्या मूळ रेषेपासून साधारण 20 अंशांपेक्षा जास्त वळू शकत नाही, मग कट कितीही बारीक असो. हे लक्षात ठेवलं की फटक्याआधी एक छान तपासणी करता येते. स्ट्रायकर ज्या रेषेत जाणार ती रेष मनात पुढे वाढवा. सोंगटी उजवीकडे पाठवणार असाल तर स्ट्रायकर त्या रेषेच्या थोडा डावीकडे वळेल, डावीकडे पाठवणार असाल तर उजवीकडे. त्या निमुळत्या पट्ट्यात एखादं पॉकेट येत असेल तर जागा बदला किंवा जोर कमी करा. घरी जड स्ट्रायकर वापरत असाल तर तो आणखी कमी वळेल आणि आणखी वेगाने मागे जाईल, हेही ध्यानात घ्या.

नेम धरायची पद्धत मात्र साधीच ठेवा. पॉकेटकडून सोंगटीच्या मध्यातून एक रेघ मागे ओढा आणि त्या रेघेवर सोंगटीला चिकटलेला दुसरा स्ट्रायकर कल्पा. तुमचा स्ट्रायकर त्या कल्पित जागी पोहोचला पाहिजे. नजर सोंगटीच्या मध्यावर न ठेवता या रिकाम्या जागेवर ठेवली की कट सुधारतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

राणीचा नियम, नेमका

स्वतःची निदान एक सोंगटी आधी पॉकेटात गेलेली असली पाहिजे, मगच राणीवर हक्क. राणी गेल्यावर लगेच पुढच्या फटक्यात स्वतःची एक सोंगटी घालायची. ते कव्हर. आधीच राणीचा हक्क मिळालेला असताना एकाच फटक्यात राणी आणि तुमची सोंगटी दोन्ही गेल्या तर कव्हर त्याच फटक्यात झालं. कव्हर चुकलं तर राणी बाहेर येते, प्रतिस्पर्धी ती मधल्या वर्तुळात ठेवतो आणि हात त्याच्याकडे जातो. डबल्समध्ये ज्याने राणी घेतली त्यानेच पुढच्या फटक्यात कव्हर द्यायचं. जोडीदाराच्या पाळीपर्यंत राणी थांबत नाही. घरी 'पुढच्या हाताला माझा पार्टनर कव्हर देईल' असं पुष्कळदा चालवून घेतलं जातं, तो नियम नाही.

राणीला 3 गुण मिळतात. बोर्ड, म्हणजे एक डाव, जिंकणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याच्या पटावर उरलेल्या प्रत्येक सोंगटीचा 1 गुण मिळतो आणि राणी त्याने कव्हर केलेली असेल तर वर 3. गेम 25 गुणांचा किंवा 8 बोर्डांचा. एक बारकावा: तुमचे 22 किंवा जास्त गुण झाले की राणीचे गुण तुम्हाला मिळत नाहीत. तरीही राणी पटावर असताना शेवटची सोंगटी घालून बोर्ड जिंकता येत नाही, त्यामुळे ती कुणीतरी काढावीच लागते. आणि तुम्ही काढली तर निदान प्रतिस्पर्ध्याचे 3 गुण वाचतात.

बिलियर्ड्स खेळणारे एक गोष्ट विसरतात. तिथे पांढरा गोळा जिथे थांबेल तिथून पुढचा फटका असतो. कॅरममध्ये स्ट्रायकर दरवेळी बेसलाइनवर परत येतो आणि तुम्हाला हवा तिथे ठेवता येतो. म्हणजे राणी मारल्यावर स्ट्रायकर कुठे थांबतो याला महत्त्व नाही, फक्त तो पॉकेटात जाऊ नये आणि ठरवलेल्या कव्हरला धक्का लागू नये. कव्हरची सोंगटी जिथे आहे तिथेच राहिली तर पुढचा फटका तुम्हाला आधीच माहीत असतो. म्हणून सगळ्यात सोपी सोंगटी आधी घालून टाकायची घाई हीच राणीच्या खेळातली सर्वात महागडी चूक आहे, असं मला वाटतं. पॉकेटच्या तोंडाशी बसलेली तुमची सोंगटी प्रतिस्पर्धी सहसा स्वतःहून घालत नाही, कारण ती गेली तर तुमचाच फायदा. तो ती हलवू शकतो, हा धोका खरा आहे, पण राणी जवळ असेल तर तेवढा पत्करावा.

एक उदाहरण सावकाश बघू

दोघांचा खेळ. तुम्ही पांढऱ्या, सहा गेल्या आहेत, तीन उरल्या. समोरच्याच्या दोन काळ्या उरल्या. म्हणजे आत्ता बोर्डाचे गुण 2 आणि राणीचे 3. राणीच मोठी आहे. तुमची पहिली पांढरी समोरच्या डाव्या पॉकेटच्या तोंडाशी आहे. दुसरी उजव्या फ्रेमजवळ, तुमच्या बाजूला. तिसरी तुमच्याच बेसलाइनच्या मागे. राणी मधून सरकून समोरच्या उजव्या पॉकेटच्या दिशेने, कर्णावर, पॉकेटपासून साधारण 20 सेंटिमीटरवर थांबली आहे.

घाईने खेळणारा आधी तोंडाशी असलेली पहिली घालेल. मग राणी. मग कव्हरला फ्रेमजवळची आणि मागची, दोन्ही अवघड. फ्रेमजवळच्या सोंगटीला तिच्या बाजूच्या लांबच्या पॉकेटपर्यंत अर्ध्या मीटरहून थोडंच कमी-जास्त अंतर आहे. एवढ्या लांब अंतरावर संपर्काची जागा अर्धा सेंटिमीटर चुकली तरी सोंगटी पॉकेटपाशी सहा-सात सेंटिमीटर बाजूला जाते. राणी हातची जाईल हे जवळपास नक्की.

योग्य क्रम असा: आधी राणी, मग तोंडाशी असलेली पहिली.

राणीसाठी पहिला मोह होतो डाव्या लाल गोलावरून मारण्याचा, कारण गोल, राणी आणि उजवं पॉकेट जवळजवळ एका रेषेत येतात. नेम खरंच सोपा आहे. पण वर सांगितलेली तपासणी करा. फटका जवळजवळ पूर्ण लागणार, स्ट्रायकर जेमतेम वळणार, आणि राणी पॉकेटापासून फक्त 20 सेंटिमीटरवर असल्यामुळे तोही निम्म्या वेगाने तिच्या मागोमाग पॉकेटात जाईल. राणी आणि स्ट्रायकर दोन्ही गेले, म्हणजे राणी बाहेर आणि वर दंडाची एक सोंगटीही बाहेर.

म्हणून स्ट्रायकर गोलावरून उजवीकडे, बेसलाइनच्या मध्यापासून डावीकडे सात सेंटिमीटरवर ठेवा. आता कट साधारण 15 अंशांचा होतो, हे फार कठीण नाही. राणी त्याच पॉकेटात जाते, पण स्ट्रायकर डावीकडे वळून समोरच्या फ्रेमला पॉकेटपासून बारा-एक सेंटिमीटर अलीकडे लागतो. जोर राणी पॉकेटात पडेल एवढाच ठेवा, म्हणजे स्ट्रायकर फ्रेमला लागून तिथेच मरतो आणि इतर सोंगट्यांना भिडत नाही. समोरच्या डाव्या पॉकेटवरची तुमची पहिली पांढरी या सगळ्यापासून लांब आहे.

राणी चुकली तर? ती समोरच्या उजव्या कोपऱ्यात, प्रतिस्पर्ध्याच्या बेसलाइनच्या मागे किंवा तिच्या आसपास थांबेल. तुमच्यासाठी ती समोर उघडी असते, त्याच्यासाठी ती त्याच्या हाताखाली, अवघड जागी. म्हणून शंका असेल तेव्हा राणी लांबच्या पॉकेटात मारावी. जवळच्या पॉकेटात चुकलेली राणी तुम्ही त्याला आयती देता.

राणी पडली. आता कव्हर. इथेही तोच सापळा आहे. उजव्या लाल गोलावरून तोंडाशी बसलेली पांढरी कर्णावर अगदी सरळ दिसते आणि सरळ मारली की स्ट्रायकर तिच्यामागे खड्ड्यात जातो. कव्हरच्या फटक्यात स्ट्रायकर गेला तर कव्हर झालं नाही: राणी परत मधे, ती पांढरी बाहेर आणि दंडाची एक आणखी. याऐवजी स्ट्रायकर डाव्या लाल गोलावर ठेवून जवळजवळ सरळ वर मारा. स्ट्रायकर सोंगटीच्या उजव्या-खालच्या बाजूला लागतो, सोंगटी डाव्या पॉकेटात, आणि स्ट्रायकर उजवीकडे वळून पॉकेटपासून सात-आठ सेंटिमीटर लांब समोरच्या फ्रेमला लागतो. सोंगटी तोंडाशीच असल्यामुळे कट थोडा चुकला तरी ती जाते. राणी कव्हर झाली, हात तुमचाच, आणि आता उरलेल्या दोन अवघड सोंगट्या निवांत खेळता येतील.

राणी अजून अगदी मधल्या वर्तुळात असेल तर? पॉकेटपर्यंत जवळपास अर्धा मीटर अंतर असतं आणि संपर्काची जागा एक-दोन मिलिमीटरही चुकून चालत नाही. आसपास सोंगट्या असतील तर तेवढ्यावर तीन गुण लावू नका. स्वतःची एखादी सोंगटी घालताना स्ट्रायकर त्या पुंजक्यातून जाऊ द्या, म्हणजे राणी बाहेर सरकेल, आणि मग तिच्याकडे बघा.

घरी वाद होणारे फाउल

स्ट्रायकर पॉकेटात गेला तर हात गेला आणि तुमची एक सोंगटी दंड म्हणून बाहेर. ती बाहेरच्या मोठ्या वर्तुळात सपाट ठेवायची असते आणि ठेवतो प्रतिस्पर्धी, चूक करणारा नाही. दंड द्यायला तुमची एकही सोंगटी गेलेली नसेल तर दंड माफ होत नाही, तो बाकी राहतो आणि पुढे सोंगटी गेली की वसूल होतो. स्ट्रायकरबरोबर तुमचीच सोंगटी गेली असेल तर ती आणि दंडाची एक, अशा दोन बाहेर येतात. स्पर्धेच्या नियमात अशा वेळी तुमचा हात चालू राहतो. पुष्कळ घरांत तो जातो, म्हणून हे सुरुवातीलाच ठरवून घ्या.

प्रतिस्पर्ध्याची सोंगटी गेली तर ती त्याची झाली, बाहेर काढायची नाही, फक्त तुमचा हात जातो. त्याच फटक्यात तुमचीही गेली असेल तर हात चालू राहतो. सोंगटी उडून पटाबाहेर गेली तर ती परत मध्यभागी ठेवायची. एखादी सोंगटी दुसरीवर चढली किंवा उभी राहिली तर तिला कुणी हात लावायचा नाही, आहे तशीच खेळायची.

हाताच्या फाउलवर घरी कुणी लक्ष देत नाही आणि भांडणं तिथेच होतात. स्ट्रायकर ठेवताना नखाने सोंगटी हलली तर तो फाउल आहे. खुर्चीवरून उठून पटावर वाकून नेम धरायचा नाही. तुमच्या दोन बाजूंचे बाण म्हणजे तुमची हद्द, हात त्यांच्या पलीकडे जाऊ नये. स्पर्धेत फटक्याला 15 सेकंद असतात. घरी घड्याळ लावायची गरज नाही, पण दोन मिनिटं नेम धरणाऱ्या माणसाला हे सांगितलं तर खेळ हलका होतो.

बेसलाइनच्या मागच्या सोंगटीबाबत घरात दोन पंथ असतात. काही जण म्हणतात ती फक्त समोरच्या फ्रेमवरून रिबाउंडनेच मारायची. स्पर्धेत अशी अट नाही, अंगठ्याने मागे सरळ मारलेलीही चालते. मुलांना शिकवत असाल तर अंगठ्याचा फटका शिकवाच, नाहीतर मागच्या सोंगट्या त्यांच्यासाठी कायमच्या हरवलेल्या असतात.

काळी-पांढरीला वेगवेगळे गुण आणि राणीला मोठे गुण देऊन चार-पाच जण जे खेळतात, त्यात कुणाच्या रंगाची अशी सोंगटी नसते, म्हणून कव्हरला कुठलीही सोंगटी चालते. तिथेही कव्हर लगेच पुढच्याच फटक्यात हवं.

आणि एक फाउल असा आहे जो कळेपर्यंत बोर्ड गेलेला असतो. राणी पटावर असताना तुमची शेवटची सोंगटी तुम्ही पॉकेटात घातली तर बोर्ड हरलात. प्रतिस्पर्ध्याची शेवटची सोंगटी तुमच्या हातून गेली आणि राणी अजून पटावर असली तरीही तुम्हीच हरलात. म्हणून तुमची एक, त्याची एक आणि राणी एवढंच उरलं असेल तेव्हा स्वतःची ती एकुलती सोंगटी कितीही सोपी दिसली तरी तिला हात लावू नका. ती तुमचं कव्हर आहे. आधी राणी, आणि राणीच्या फटक्यात स्ट्रायकर त्याच्या सोंगटीकडे जाणार नाही अशी जागा बेसलाइनवर शोधा.